हप्ता बाउन्स झाला: लगेच भरावा, दुसऱ्या प्रयत्नाची वाट पाहावी, की पुढच्या महिन्यात दोन हप्ते भरावेत?

समजा पर्सनल लोनचा हप्ता 12,000 रुपये, तारीख 5 आणि पगार येतो 7 तारखेला. खात्यात 11,640 रुपये होते, म्हणून हप्ता परत गेला. मँडेट म्हणजे हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी; त्यात अर्धवट रक्कम कापली जात नाही. 360 कमी असोत की सगळे 12,000, परिणाम एकच.

आता खर्च. कर्ज देणारी संस्था बाउन्स चार्ज लावते, तुमची स्वतःची बँक वेगळा रिटर्न चार्ज लावते. पहिला 500 आणि दुसरा जीएसटी धरून 295 मानू; तुमचे आकडे करारात आणि बँकेच्या शुल्कपत्रकात मिळतील. याशिवाय उशिराचा दंड. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकानुसार हा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही. वार्षिक 24 टक्के दर धरला तर 12,000 वर दिवसाला साधारण 8 रुपये होतात.

| मार्ग | अंदाजे जादा खर्च |
|---|---|
| 8 तारखेला स्वतः भरणे | 820 रुपये |
| 12 ला संस्थेचा मँडेटद्वारे दुसरा प्रयत्न, यशस्वी | 850 रुपये |
| 12 ला पुन्हा बाउन्स | 1,645 रुपये आणि हप्ता बाकीच |
| पुढच्या 5 तारखेला दोन्ही हप्ते | 1,035 रुपये |

म्हणजे खिशाला खरा फटका दिवसांचा नाही, बाउन्सच्या संख्येचा बसतो. दुसरा प्रयत्न कधी होईल हे तुमच्या हातात नसतं आणि बहुधा तो सकाळी लवकर होतो, त्यामुळे दुपारी पैसे भरून उपयोग नाही. आम्ही तरी त्या भरवशावर राहू नका असंच म्हणू.

पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते भरण्याचा मार्ग आकड्यांत फार महाग दिसत नाही, पण गोम क्रेडिट रिपोर्टमध्ये आहे. 2025 पासून संस्थांना किमान दर पंधरवड्याला, 15 तारखेला आणि महिनाअखेरीस, खात्याची स्थिती सिबिलसारख्या कंपन्यांना कळवावी लागते. 8 तारखेला सगळी थकबाकी फिटली तर 15 ची नोंद सहसा शून्य दिवसांची जाते. महिनाअखेरपर्यंत राहिली तर त्या महिन्यापुढे साधारण 25 दिवसांचा उशीर दिसतो.

त्याहून वाईट पुढे घडतं. पुढच्या महिन्यात दोनऐवजी एकच हप्ता गेला, तर तो सहसा जुन्या हप्त्यात जमा होतो आणि नवा थकतो. मग प्रत्येक महिना ‘वेळेवर’ भरूनही रिपोर्टमध्ये 025, 025, 025 अशी रांग लागते. एकदाच चुकलं म्हणणाऱ्याच्या रिपोर्टवर पाच-सहा डाग का, याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं. थकबाकी 30 दिवसांच्या पुढे गेली की खातं एसएमए-1 म्हणजे थकण्याच्या धोक्यातल्या खात्यांत जातं, 90 च्या पुढे एनपीए म्हणजे अनुत्पादित कर्जांत.

म्हणून स्वतः भरताना संस्थेच्या ॲपवरची ‘एकूण थकबाकी’ बघून तेवढी रक्कम भरा. नुसता हप्ता भरून 500 चा चार्ज बाकी ठेवलात तर तोही थकीत राहतो. पैसे ॲप किंवा अधिकृत पेमेंट लिंकवरूनच द्या, वसुलीवाल्याच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. पावती जोडून ‘या हप्त्यासाठी मँडेट पुन्हा पाठवू नये’ असा ईमेल करा, नाहीतर हप्ता दोनदा कापला जातो आणि परताव्यासाठी पाठपुरावा तुमच्याच गळ्यात पडतो. हप्ता भरायला झटपट कर्जाच्या ॲपवरून उधार घेणं मात्र टाळाच. एका तारखेच्या जागी दोन तारखा सांभाळाव्या लागतात.

महिन्याभराने रिपोर्ट तपासा. प्रत्येक क्रेडिट कंपनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देते. भरलेला हप्ता थकीत दिसत असेल तर पावती आणि लोन स्टेटमेंट जोडून तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. बँकेकडे किंवा संस्थेकडे केलेल्या तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालांकडे जाता येतं.

नोंद खरी असेल तर ती कुणी पुसू शकत नाही, पैसे घेऊन ‘स्कोअर दुरुस्त’ करणाराही नाही. सिबिल रिपोर्टमध्ये मागचे 36 महिने दिसतात. नवे शून्य साचत जातात तसा जुन्या डागाचा भार कमी होतो. सूट घेऊन कर्ज ‘सेटल’ केलंत तर मात्र तो शेरा पूर्ण फेडीपेक्षा बराच वाईट ठरतो.

आणि पगार 7 ला असताना हप्ता 5 ला असेल, तर तारीख 10 करून देण्याचा लेखी अर्ज आत्ताच द्या. सगळ्या संस्था मान्य करत नाहीत; नाही म्हणाल्या तर 4 तारखेच्या संध्याकाळी हप्त्याइतकी रक्कम त्या खात्यात असलीच पाहिजे.