कोनचा पत्रा हातानं मारायचा, हिशोबानं की लेझरला द्यायचा

गेल्या महिन्यात बेळगावजवळच्या मच्छेतला एक ओळखीचा पोरगा आला, नवीन शेड घेतलाय, फाउंड्रीवाल्यांची वाळूची हॉपरं आणि डस्टच्या डक्टचं काम मिळायलंय त्याला. त्याचा प्रश्न सरळ होता, काका, कोनचं डेव्हलपमेंट मी जुन्या मिस्त्रींसारखं पत्र्यावर काढू, फॉर्म्युल्यानं काढू, की कॉम्प्युटरवर काढून लेझरला देऊ? त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण उद्यमबागेत हाच प्रश्न मला बरेच जण विचारतात.

एकच काम धरून बोलू म्हणजे घोळ होणार नाही. हॉपर, वर आतून ६०० मिमी, खाली आतून २०० मिमी, सरळ उंची ५००, पत्रा ३ मिमीचा.

पहिली गोष्ट तिन्ही पद्धतींना लागू आहे, मग तुम्ही काहीही वापरा. पत्रा रोल केला की आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते, मधली तेवढी आहे तशी राहते, म्हणून हिशोब मधल्या व्यासाचा करायचा. आतून ६०० म्हणजे मधला ६०३, खालचा २०३. कुणी बाहेरचा ६०६ धरला तर परीघ साडेनऊ मिमीनं वाढतो, आणि फ्लँज बसवायला गेलं की ते कळतं, तोपर्यंत शिवण मारून झालेली असते.

आता हाताची पद्धत. मी पण हीच शिकलो. खडूनं कोनचं साइड व्ह्यू फुल साइजमध्ये काढायचं, तिरक्या रेषा खाली वाढवून टोक काढायचं, त्या टोकावरून दोन कंस मारायचे, मग वरचं वर्तुळ १२ भागात वाटून एक भाग डिव्हायडरमध्ये धरायचा आणि मोठ्या कंसावर बारा वेळा चालवायचा. हिशोब काही लागत नाही, म्हणून चांगली वाटते. पण चूक नेमकी इथंच आहे. डिव्हायडर सरळ अंतर धरतो, परीघ वाकडा असतो. आपल्या हॉपरला बारा भागांत कंस १८९४ च्या जागी १८७६ च्या आसपास भरतो, जवळपास १९ मिमी कमी, म्हणजे व्यास ६ मिमीनं बारीक. मी स्वतः सुरुवातीला असं एक हॉपर केलं होतं, खानापूरकडच्या एका काजूच्या कारखान्यासाठी, वरची रिंग बसेना तेव्हा मला वाटलं रोलिंगवाल्यानं बिघडवलं, त्याला बोललो पण, आणि चूक माझ्या डिव्हायडरची होती. २४ भाग केले तर कमी पडतं पावणेपाच मिमीच्या आसपास. त्यापेक्षा टेप घेऊन कंसावरच परीघ मोजून घ्या, म्हणजे ही चूक राहतच नाही.

दुसरी पद्धत फॉर्म्युल्याची, आणि एकदोन नग असतील तर माझं मत हिच्याच बाजूनं आहे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. D, d हे मधले व्यास, h सरळ उंची, s तिरकी उंची, R मोठ्या कंसाची त्रिज्या, r लहान कंसाची त्रिज्या, A सपाट पत्र्यावर दोन कडांमधला कोन अंशात.

```
s = √(((D−d)/2)² + h²)
R = s × D / (D−d)
r = R − s
A = 180 × (D−d) / s
```

आपल्या हॉपरला तिरकी उंची येते ५३८.५, मोठा कंस ८११.८, लहान कंस २७३.३, कोन १३३.७ अंश. पण कोन कोनमापकानं मारू नका, ८१२ च्या कंसावर एक अंश चुकला की १४ मिमी जातात. त्याऐवजी मोठ्या कंसाच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर काढा, ते `2 × R × sin(A/2)`, इथं १४९३ मिमी, आणि टेप लावून टोकाला टोक जुळवा. मग कंसावरून टेप फिरवून परत १८९४ येतंय का बघा, दोन्ही जुळले की मगच पंच मारा. पूर्ण नग १४९३ बाय ७०५ मध्ये बसतो, आठ बाय चारच्या पत्र्यात आरामात. केंद्र मात्र पत्र्याच्या बाहेर पडू शकतं, तिथं त्याच जाडीचा एक तुकडा शेजारी ठेवून टॅक करा, नाहीतर ट्रॅमलची टोकं वरखाली होऊन कंस सरकतो.

ही पद्धत कुठं अडते ते पण सांगतो. कोन जवळजवळ सरळ पाइपसारखा असला, समजा मधला व्यास ६०० चा ५८० होतोय त्याच ५०० उंचीत, तर मोठा कंस १५ मीटरचा होतो. एवढा ट्रॅमल कुणाकडं आहे, आणि शेडमध्ये जागा तरी कुठं. हा कंस एवढा सपाट असतो की १८८५ लांबीत मधोमध फक्त ३० मिमी फुगतो, तेव्हा सरळ रेषा मारून तिच्यावर ठिकठिकाणी उंच्या टाकून पट्टीनं जोडायचं, किंवा सरळ लेझरला द्यायचं. इथं लेझरच बरा.

लेझरबद्दल लोकांचा गैरसमज असा की फाइल दिली म्हणजे आपली जबाबदारी संपली. मशीन तुम्ही जे काढलं ते तंतोतंत कापतं, चुकीचा व्यास पण तंतोतंत. दहा-वीस सारखे नग, स्टेनलेस, किंवा कोनला मध्ये होलं असतील तर लेझरच घ्या, ग्राइंडिंगचा वेळ वाचतो. फक्त दोन गोष्टी बघा. फाइल मिमीत आहे ना, आणि सॉफ्टवेअरमध्ये कोन जाडीसकट काढलाय की नुसता पापुद्रा. नुसता पापुद्रा असेल तर तो मधल्या व्यासाचाच पाहिजे.

आणि एक गोष्ट हातानं मारणाऱ्याकडं आपोआप असते, लेझरवाल्याकडं मागून घ्यावी लागते, ती म्हणजे लहान कंसापासून मोठ्या कंसापर्यंतच्या बारा रेषा. रोलिंग करताना कोनची लहान बाजू हळू सरकायला पाहिजे, मोठी भरभर, आणि रोल दर क्षणी यातल्या एखाद्या रेषेवर समांतर बसला पाहिजे. रेषा नसल्या की पत्रा पिळला जातो, शिवणीच्या एका टोकाला दोन कडा भिडतात आणि दुसऱ्या टोकाला उघड्या राहतात. आमच्याकडं रोलवर गोकाककडचा माणूस आहे, मराठी त्याला जेमतेम कळतं, पण रेषा असल्या की त्याला काही सांगावं लागत नाही. लेझरवाल्याला म्हणा, या रेषा कापू नका, नुसतं मार्किंग करा.

ब्रँच पाइपचं उत्तर वेगळं आहे. मेन डक्टला ४५ अंशात दुसरी नळी जोडायची, तर तिचा कट वाकडातिकडा, प्रत्येक रेषेची लांबी वेगळी, हातानं काढायला दुपार जाते आणि एक बिंदू चुकला की फट पडते. इथं मी बिनधास्त सॉफ्टवेअरमधून कागद काढून घ्यायला सांगतो. पण कागद तयार पाइपवर गुंडाळायचा की पत्र्यावर पसरायचा हे आधी ठरवा. बाहेरून १५० च्या, २ मिमी जाडीच्या नळीला गुंडाळायचा कागद ४७१ लांब लागतो, तीच नळी पत्र्यातून रोल करायची असेल तर पत्रा ४६५ च पाहिजे. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना `Fit to page` बंद करून `Actual size` ठेवायला सांगा, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिमीची एक रेष काढून ठेवा, ती प्रिंटवर ९७ भरली तर तो कागद पाइपला लावायच्या आत फाडून टाका.