जुने खरेदीपत्र, नवा उतारा आणि पाच एमबीची मर्यादा: स्कॅन किती डीपीआयवर, कोणत्या रंगात?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एखाद्या घरात जमिनीच्या वाटणीसाठी कागद गोळा केले, की एकाच पिशवीत दोन काळ आणि दोन लिप्या एकत्र येतात. हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे त्याआधीची बरीच खरेदीपत्रे हाताने लिहिलेली, मराठीत आणि काही मोडीतही आढळतात, तर आजचे उतारे संगणकावर छापलेले आणि कन्नड असतात. वकिलांकडच्या कारकुनीत असे गठ्ठे मी रोज स्कॅन करतो, आणि सगळ्या पानांना एकच सेटिंग लावण्याची चूक सुरुवातीला मीही केली आहे.

तुलनेसाठी एक नेहमीचा गठ्ठा घेऊ: चार पानी जुने खरेदीपत्र, नऊ पाने कन्नड उतारे आणि रंगीत पेन्सिलीने हद्दी दाखवलेला एक नकाशा, अशी एकूण चौदा पाने. फाईल पाच एमबीच्या आत हवी आहे.

आधी रंगाचा विचार करू, कारण फाईलचा आकार आणि वाचनीयता या दोन्हींवर रंगाच्या निवडीचा परिणाम बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा असतो. ए-४ पान ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेऊन स्कॅन केले, की साधारण ८७ लाख ठिपके तयार होतात. रंगीत पद्धतीत प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, करड्या म्हणजे ग्रेस्केल पद्धतीत एक बाइट, आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्या पद्धतीत एका बाइटमध्ये आठ ठिपके मावतात. या हिशेबाने रंगीत पान करड्या पानाच्या तिप्पट मोठे व्हायला हवे, पण पीडीएफमध्ये ते जेपीईजी पद्धतीने दाबून ठेवले जाते आणि ही पद्धत रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा बराच कमी जपते. म्हणून प्रत्यक्षात रंगीत पान करड्या पानाच्या दीडपट ते दुप्पट भरते. खरी बचत करड्यावरून काळ्या-पांढऱ्यावर येताना होते. तिथे फॅक्सच्या काळापासून चालत आलेली ‘ग्रुप ४’ नावाची पद्धत वापरता येते, जी एकही ठिपका न गमावता छापील पान साठ-सत्तर केबीत बसवते.

मग सगळेच काळे-पांढरे का करू नये? कारण या पद्धतीत स्कॅनर प्रत्येक ठिपक्याबाबत ‘काळा की पांढरा’ एवढाच निर्णय घेतो, आणि खानापूरच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या कागदावर तो निर्णय हमखास चुकतो. विटकरी झालेली शाई पांढऱ्यात जाते, ओलीचा डाग काळ्यात जातो, आणि जांभळ्या शिक्क्याखालची सही शिक्क्यासकट एकच काळा गोळा होऊन बसते. शिवाय डागांच्या कडेने हजारो सुटे ठिपके उमटतात, त्यामुळे ‘ग्रुप ४’ची बचतही घटते.

रिझोल्यूशनचा प्रश्न मी अनुस्वारावर तपासतो. खरेदीपत्रात ‘त्याचा हिस्सा’ आणि ‘त्यांचा हिस्सा’ यांतला फरक एका टिंबाचा असतो, आणि वाटणीच्या दाव्यात त्या टिंबाने अर्थ बदलू शकतो. असे टिंब अर्धा मिलिमीटर रुंद धरले, तर ते १०० डीपीआयवर दोन ठिपक्यांचे, १५० वर तीन, २०० वर चार आणि ३०० वर सहा ठिपक्यांचे होते. दोन ठिपक्यांचे टिंब जेपीईजीच्या धुरकटीत सहज विरून जाते. कन्नडमध्ये द आणि ध यांच्यातला फरक अक्षराच्या तळाशी असलेल्या बारीक रेघेचा असतो, आणि जोडाक्षरातला दुसरा व्यंजनाकार खाली लहान आकारात लिहिला जातो. म्हणून उताऱ्यातील नावांनाही हीच कसोटी लागू पडते.

मात्र रंगाची पद्धत आणि डीपीआय सुटेसुटे ठरवता येत नाहीत. करड्या पानात अक्षराची कड अर्धवट राखाडी ठिपक्यांनी सांधली जाते, त्यामुळे २०० डीपीआयवरही ती डोळ्याला नीट दिसते. काळ्या-पांढऱ्यात ही सोय नसल्याने तिथे ३०० च्या खाली उतरू नये, आणि अक्षर फार बारीक असेल तर ४०० घ्यावे. आकाराच्या भीतीने काळे-पांढरे पान १५० वर आणणे हा सर्वांत वाईट सौदा आहे, कारण तिथे वाचतात मोजके केबी आणि जातात मात्रा.

आमच्या चौदा पानांचे चार पर्याय असे पडतात. आकडे अंदाजाचे आहेत, कागदाप्रमाणे ते हलतात.

| पर्याय | एकूण आकार | परिणाम |
|---|---|---|
| सर्व पाने रंगीत, ३०० | १३ एमबी | सर्व वाचता येते, पण मर्यादेबाहेर |
| सर्व पाने रंगीत, १०० | १.७ एमबी | टिंबे आणि बारीक आकडे संशयास्पद |
| सर्व पाने काळी-पांढरी, ३०० | १.२ एमबी | उतारे उत्तम, खरेदीपत्र आणि नकाशा निकामी |
| पानागणिक वेगळे | ३.४ एमबी | सर्व वाचता येते |

शेवटच्या पर्यायाची फोड अशी आहे. नऊ उतारे काळे-पांढरे ३०० वर घेतले, ते मिळून साधारण ५४० केबी झाले. खरेदीपत्राची पहिली तीन पाने करडी ३०० वर घेतली, प्रत्येकी सुमारे ५०० केबी. चौथ्या पानावर सही आणि शिक्का एकमेकांवर आले आहेत. ते वेगळे ओळखण्यासाठी रंगच हवा, म्हणून ते रंगीत ३०० वर सुमारे ९०० केबीत घेतले. नकाशात रंगाला अर्थ आहे पण अक्षर मोठे आहे, म्हणून तो रंगीत २०० वर ५०० केबीत बसला. मर्यादा तीन एमबीची असती तर मी प्रथम करडी पाने २०० वर आणली असती. डीपीआय दोन-तृतीयांश झाला की ठिपके निम्म्याहून कमी होतात, त्यामुळे त्यातच सुमारे ७५० केबी सुटले असते.

फाईल अपेक्षेपेक्षा मोठी निघाली तर काळे-पांढरे पान खरोखर तसे आहे का, हे तपासावे. मोबाईलवरील अनेक ॲप ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या नावाखाली केवळ फिल्टर लावतात आणि पान जेपीईजीच ठेवतात, त्यामुळे दिसायला काळे-पांढरे असूनही बचत शून्य होते. संगणकावर पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या संचाची साधने असतील तर एका ओळीत उत्तर मिळते:

```
pdfimages -list utara.pdf
```

`bpc` खाली 1 आणि `enc` खाली `ccitt` दिसले तर पान खरे काळे-पांढरे आहे. 8 आणि `jpeg` दिसले तर तो फिल्टर आहे. `x-ppi` हा रकाना प्रत्यक्ष डीपीआय सांगतो, पण कोणी १०० चे चित्र ताणून ३०० केले असेल तर तेही तिथे ३०० म्हणूनच दिसते, म्हणून एखादे टिंब मोठे करून डोळ्यांनी पाहणे चुकत नाही.

`enc` खाली `jbig2` आले तर मी आकडे मूळ कागदाशी ताडून पाहतो. ही पद्धत ‘ग्रुप ४’पेक्षाही लहान फाईल देते. मात्र तिचा तपशील गमावणारा प्रकार सारख्या दिसणाऱ्या अक्षरांसाठी एकच साचा वापरतो, आणि तो साचा चुकीच्या अक्षरावर बसला तर आकडाच बदलतो. जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ साली स्कॅन केलेल्या नकाशांत आणि तक्त्यांत असे बदललेले आकडे दाखवून दिले होते. धुरकट आकडा निदान संशय तरी उत्पन्न करतो. येथे चुकीचा आकडा ठसठशीत छापल्यासारखा दिसतो, आणि सर्व्हे नंबरमधल्या ६ चा ८ झालेला कोणाच्या लक्षातही येत नाही.

खरेदीपत्राची चारही पाने मी एकदा रंगीत ३०० वर घेऊन वेगळी ठेवतो आणि पाठवायची प्रत त्यांतूनच बनवतो. रंगीत पानाचे करडे केव्हाही करता येते, पण काळ्या-पांढऱ्यात गेलेली विटकरी शाई परत येत नाही, आणि घडीवर फाटत चाललेला कागद पुन्हा काचेवर ठेवण्याची वेळ टाळलेलीच बरी.