डेव्हलपरचं प्रॉडक्ट मॅनेजर होणं: आहे त्या कंपनीत की बाहेर?

प्रॉडक्टकडे वळायचं मनात असेल तर कोर्सची फी भरण्याआधी तीसेक खऱ्या जाहिराती वाचून काढा. लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम आणि कंपन्यांची करिअर पानं एवढं पुरे. एका शीटमध्ये प्रत्येक जागेसमोर तीनच गोष्टी लिहा: पीएमचा आधीचा अनुभव सक्तीचा आहे का, कोणत्या क्षेत्राची माहिती मागितली आहे, आणि निर्णय कोण घेणार. तिसरी गोष्ट क्रियापदांवरून कळते. बॅकलॉग सांभाळा, स्प्रिंटचा पाठपुरावा करा, रिलीजचा समन्वय साधा, एवढंच लिहिलं असेल तर पदाचं नाव काहीही असो, काम डिलिव्हरीचं आहे. काय बांधायचं, काय सोडून द्यायचं आणि कोणता आकडा हलला पाहिजे याची जबाबदारी दिली असेल, तर जागा खरी पीएमची.

हे शीट भरताना बाहेरच्या वाटेची मुख्य अडचण लगेच दिसते. बहुतेक जागांना पीएम म्हणून आधी केलेलं काम हवं असतं, आणि असोसिएट पीएमच्या जागांचा रोख बऱ्याचदा नुकत्याच पदवी घेतलेल्यांकडे असतो. अनुभवी डेव्हलपरसाठी उरतात त्या मुख्यतः टेक्निकल पीएम किंवा प्लॅटफॉर्म पीएमच्या जागा, जिथे ग्राहक म्हणजे एपीआय वापरणारे दुसरे डेव्हलपर. तिथे तुमची आधीची वर्षं मोजली जातात.

कंपनीतल्या कंपनीत बदली मागताना ही अट सैल होते, कारण तुमचं काम पाहिलेली माणसं निर्णय घेत असतात. समजा, पुण्यातल्या एका पेमेंट कंपनीत एक बॅकएंड डेव्हलपर आहे. व्यापाऱ्यांच्या तक्रारी येतात, ‘ग्राहकाचे पैसे कापले, ऑर्डर लागली नाही.’ रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने व्यापाऱ्याला पैसे देताना पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जायला हवी, आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. हा नियम तिला पाठ आहे, कॉलबॅक कुठे अडकतो तेही माहीत आहे. पीएमचं काम यापुढे सुरू होतं. ती सपोर्टच्या मुलांजवळ बसून तिकिटं वेगळी करते आणि तिला दिसतं की बरेच व्यवहार मुळात यशस्वी झालेले आहेत, फक्त व्यापाऱ्याला स्थिती दिसत नाही. मग रिट्राय यंत्रणा नव्याने लिहायची, की डॅशबोर्डवर व्यवहाराची ताजी स्थिती दाखवायची? ती दुसरा पर्याय निवडते, पहिला का मागे ठेवला ते दोन पानांत मांडते, आणि तिकिटं किती घटली हे रिलीजनंतर मोजते.

हे तिला पगार चालू असताना, आतला डेटा हाताशी असताना करता आलं. बाहेरच्या मुलाखतीत हीच गोष्ट सांगायला लागते, पण ती आधी कुठेतरी घडलेली असावी लागते. म्हणून माझा कल आतल्या वाटेकडे आहे.

मात्र तिथला सापळा ओळखा. ‘सध्या दोन्ही सांभाळ, पुढच्या वर्षी बघू’ असं सांगितलं जातं, आणि वर्षअखेरीस मूल्यमापन पुन्हा इंजिनीअर म्हणूनच होतं. तेव्हा चार गोष्टी मेलवर लिहून घ्या: पीएमची जागा खरोखर मंजूर आहे का, चाचणी किती महिने, या काळात मूल्यमापन कोण आणि कोणत्या निकषांवर करणार, आणि जमलं नाही तर जुनी जागा राहील का. पहिल्याच प्रश्नाला स्पष्ट उत्तर नसेल तर बाहेरच्या जागा बघायला लागा. स्वतःच्या मॅनेजरशी इंटर्नल पोस्टिंगचा अर्ज भरण्याआधी बोला. अनेक ठिकाणी सध्याच्या पदावर ठरावीक काळ झालेला लागतो आणि सोडण्याची तारीख त्याच्याच हातात असते.

पैशाचा फरक थोडक्यात सांगतो. आतली बदली सहसा त्याच पातळीवर, त्याच पगारात होते. बाहेर वाढ मिळू शकते, पण पद एक पायरी खाली येण्याची शक्यता तितकीच धरा, आणि तीन महिन्यांचा नोटीस पीरियड असेल तर तोही हिशेबात घ्या.

सर्व्हिस कंपनीत क्लायंटच सगळं ठरवत असेल तर आतली वाट मुळातच नाही. तिथल्या प्रॉडक्ट ओनर पदाला वरच्या क्रियापदांची कसोटी लावून पाहा, बऱ्याचदा ते डिलिव्हरीचंच निघतं. अशा वेळी आधी आपल्याच क्षेत्रातल्या प्रॉडक्ट कंपनीत इंजिनीअर म्हणून जा. मुलाखतीतच विचारा, ‘मागच्या दोन वर्षांत इंजिनीअरिंगमधून प्रॉडक्टमध्ये कुणी गेलंय का?’ गेलं असेल, तर त्या व्यक्तीशी बोलणं करून द्या म्हणा आणि मगच ऑफर स्वीकारा.