डीएनएस की बीएस्सी: बाबांसमोर कोणता कागद ठेवावा?

घरात अभियांत्रिकी गृहीत धरलेली असताना सतराव्या वर्षी मर्चंट नेव्हीच्या डेक शाखेचा, म्हणजे जहाज चालवणाऱ्या शाखेचा, विषय काढायचा, तर बाबांसमोर डीएनएस, म्हणजे नॉटिकल सायन्सची पदविका, ठेवावे की बीएस्सी नॉटिकल सायन्स ही पदवी, हा प्रश्न मला नेरूळच्या घरात स्वतः सोडवावा लागला होता. दोन्हींचा प्रवेश इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे आयएमयूच्या, सीईटीतून होतो आणि पीसीएमला सरासरी ६० टक्के लागतात, हे वाचकाला ठाऊक असेलच.

वेळेचा हिशेब डीएनएसच्या बाजूचा आहे. एक वर्ष संस्थेत, १८ महिने कॅडेट म्हणून जहाजावर आणि मग सेकंड मेट या अधिकारीपदाची परीक्षा. बीएस्सीला तीन वर्षे संस्थेत आणि १२ महिने जहाजावर, म्हणजे दीड वर्ष जास्त. म्हणूनच मी डीएनएसचे नाव घेऊन बसलो.

कम्प्युटर इंजिनीअरिंगवरून वाद होईल असे वाटले होते, पण बाबांनी चहाची बशी बाजूला सारून एवढेच विचारले, "वर्षभरानंतर तुला जहाज कोण देणार?"

"कंपनीची स्पॉन्सरशिप असते, बाबा."

"पत्र कुठे आहे?"

पत्र नव्हते. आदल्या दिवशी एका दलालाचा फोन मात्र आला होता आणि तो त्या पत्राचे साडेतीन लाख मागत होता. बाबा बँकेत होते, त्यांनी त्याला माझ्याच फोनवरून विचारले, "पावती द्याल ना?" पलीकडून उत्तर आले की व्यवहार रोखीचा आहे. जहाजावरील नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घ्यायला भरती कंपनीला नियमानेच मनाई आहे, आणि तिचा भरतीचा परवाना, म्हणजे आरपीएसएल, डीजी शिपिंग या सरकारी नौवहन कार्यालयाच्या यादीत तपासता येतो. आमच्या दलालाने परवाना क्रमांक विचारताच फोन ठेवला.

त्या पत्राच्या कटकटीनेच माझे पारडे बीएस्सीकडे झुकले. तिथेही पुढे जहाज शोधावे लागतेच, आणि मला त्यासाठी सात महिने थांबावे लागले, पण त्या काळात हातात पदवी होती आणि "जहाज मिळालेच नाही तर?" या बाबांच्या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर होते. ज्याच्याकडे चांगल्या कंपनीचे पत्र आधीच आहे, त्याने कदाचित डीएनएसच घ्यावे. पत्राच्या आशेवर मात्र, माझ्या मते, बाबांशी बोलायला बसू नये.

बाबांनी दोन अटी घातल्या: अभियांत्रिकीची सीईटीही द्यायची आणि फॉर्म भरण्यापूर्वी डोळे तपासून घ्यायचे. दुसरी अट मला तेव्हा टोमणा वाटली होती, पण रंगांधळ्या मुलाला डेकवर घेतच नाहीत, आणि अनेकांना हे वैद्यकीय तपासणीत कळते. वाशीच्या दवाखान्यात रंगीत ठिपक्यांतले आकडे मी वाचत होतो, तेव्हा बाबा माझ्या खांद्यावरून तेच आकडे हळू आवाजात माझ्या आधी वाचत होते. शेवटी डॉक्टरांनी त्यांनाच बाहेर बसायला सांगितले.