आयआर पट्ट्या मोजताना सगळे अणू धरायचे की नुसते बंध?

सांगलीत एम.एस्सी. करत नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना शिक्षक दोन पद्धती शिकवतात. परीक्षेत कुठली वापरायची ते मात्र ज्याचं त्याला ठरवावं लागतं. BF₃ दोन्हींनी सोडवून पाहिलं की निवड सोपी होते. हा रेणू सपाट आहे आणि त्याचा पॉइंट ग्रुप D₃h.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक अणूला तीन बाण लावायचे, म्हणजे एकूण बारा. प्रत्येक क्रियेत जागेवर राहणारे अणू मोजून त्या क्रियेच्या प्रतिअणू आकड्याने गुणायचं. C₂ अक्षावर बोरॉन आणि एक फ्लोरीन असे दोन अणू राहतात, प्रत्येकी −1, म्हणून −2. E, C₃, C₂, σh, S₃, σv या क्रमाने 12, 0, −2, 4, −2, 2 मिळतात. विघटन करून स्थानांतर (E′ + A₂″) आणि घूर्णन (A₂′ + E″) वजा केलं की उरतं A₁′ + 2E′ + A₂″. कॅरॅक्टर टेबलमध्ये x, y हे E′ समोर आणि z हे A₂″ समोर आहेत, म्हणून हीच आयआर सक्रिय. E′ दुहेरी असल्याने सक्रिय कंपनं पाच, पण पट्ट्या तीनच. विघटनात अपूर्णांक आला, तर बहुधा वर्गातल्या क्रियांची संख्या गुणायची राहिलेली असते.

दुसऱ्या पद्धतीत फक्त तीन B–F बंध घ्यायचे. 3, 0, 1, 3, 0, 1 वरून लगेच A₁′ + E′ मिळतं: ताणाची एकच पट्टी. घोळ कोनांपाशी होतो. तीन कोनही A₁′ + E′ च देतात, पण सपाट रेणूत त्यांची बेरीज 360° ठरलेली असल्याने तिन्ही एकदम वाढूच शकत नाहीत, तेव्हा तो A₁′ खोडायचा. शिवाय बोरॉन पातळीबाहेर जाण्याचं A₂″ कंपन यात कुठेच आलेलं नसतं, ते आठवणीने जोडावं लागतं. एकूण सहा (3N−6) भरतात का, हे मोजलं की यातली एखादीच चूक झाली असेल तर पकडली जाते; दोन्ही एकदम झाल्या तर मात्र बेरीज सहाच येते, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या तपासा.

म्हणून प्रश्न ‘एकूण किती’ असा असेल तर मी पहिलीच सुचवेन. वेळ जास्त जातो, पण काही सुटत नाही. बंधांची पद्धत खरी उपयोगी पडते ती M(CO)₃L₃ सारख्या संयुगात. तिथे फक्त तीन C–O ताण पाहायचे असतात: फॅक (C₃v) असेल तर A₁ + E, दोन पट्ट्या, मेर (C₂v) असेल तर 2A₁ + B₁, तीन. इथे सगळ्या अणूंचे बाण मांडणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

प्रत्यक्ष वर्णपटात BF₃ च्या सुमारे 1450 सेमी⁻¹ च्या पट्टीशेजारी 1505 च्या आसपास आणखी एक लहान पट्टी दिसते. ती चौथं कंपन म्हणून मोजू नका. नैसर्गिक बोरॉनमध्ये शंभरातले साधारण वीस अणू हलक्या ¹⁰B चे असतात, आणि ही त्यांच्या रेणूंची तीच E′ पट्टी आहे. समस्थानिकांमुळे पडणारी ही फूट दोन्ही पद्धतींच्या उत्तरात दिसत नाही.