दलाली कोणी भरायची: दोन घरांचा हिशेब आणि करारातली कलमे

आकाराने आणि ठिकाणाने सारखी दोन घरे समोर आहेत. पहिल्याचे भाडे महिना २०,०००, पण एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली भाडेकरूने द्यायची. दुसऱ्याचे भाडे २१,००० आणि दलाली घरमालक देणार. पहिल्याच्या जाहिरातीत कमी भाडे ठळक असते, दुसऱ्याच्या जाहिरातीत ‘दलाली नाही’ हे शब्द. दोन्ही खरे असते, पण त्यावरून स्वस्त घर कोणते ते कळत नाही. त्यासाठी मुक्काम किती हे धरून एकूण खर्च मांडावा लागतो. दुसऱ्या वर्षी दोन्हीकडे ५ टक्के भाडेवाढ धरली, तर हिशेब असा येतो:

| मुक्काम | घर १ (दलाली भाडेकरूकडे) | घर २ (दलाली मालकाकडे) |
|---|---|---|
| ४ महिने | १,००,००० | ८४,००० |
| १२ महिने | २,६०,००० | २,५२,००० |
| २४ महिने | ५,१२,००० | ५,१६,६०० |
| २४ महिने, कराराच्या नूतनीकरणाला अर्धा महिना दलाली | ५,२२,५०० | ५,१६,६०० |

चार महिन्यांत बदली झाली, तर पहिल्या घराचे भाडे प्रत्यक्षात महिना २५,००० पडते. दलाली एकदाच जाते आणि परत येत नाही, म्हणून मुक्काम जितका लहान तितकी ती जड. विसाव्या महिन्याच्या आसपास दोन्ही घरांचा खर्च बरोबरीला येतो आणि त्यानंतर पहिले घर स्वस्त पडू लागते. मालकाने भरलेली दलाली भाड्यात मिसळली असेल, तर ती दर महिन्याला वसूल होत राहते आणि भाडेवाढीबरोबर तीही वाढते. दोन वर्षे नक्की राहणाऱ्याला म्हणूनच पहिले घर परवडते. मात्र तक्त्याची शेवटची ओळ पाहा: नूतनीकरणाला पुन्हा दलाली द्यावी लागली, की तो फायदा पुसला जातो.

नूतनीकरणाच्या दलालीवर भांडण होते, कारण एजंटने त्या वेळी काय काम केले हाच प्रश्न असतो. घर शोधलेले नसते, दाखवलेले नसते, मालक आणि भाडेकरू एकमेकांना ओळखतात. जर्मनीच्या घर-दलाली कायद्यात याचे उत्तर सरळ आहे: भाडेकरार पुढे चालू राहिला, वाढवला किंवा नव्याने केला, तर दलालीचा हक्कच नाही. कायदा असे सांगत नसेल तिथे आपणच लिहून घ्यावे. कागदपत्रे तयार करून देण्याचे काम एजंटकडे दिले, तर त्या कामाची ठरलेली फी देणे योग्य. पण ती भाड्याच्या हिश्शात मोजू नये. भाडे दुप्पट झाले म्हणून कागद दुप्पट होत नाहीत.

दलाली कोणाकडे जाते, याचे उत्तर जागोजागी वेगळे आहे आणि गेल्या काही वर्षांत ते मालकाकडे झुकले आहे. जर्मनीत १ जून २०१५ पासून ज्याने एजंट नेमला त्याने पैसे द्यायचे. भाडेकरूने स्वतः लेखी काम दिले असेल, तर त्याच्याकडून घ्यायच्या रकमेला मूळ भाड्याच्या दोन महिन्यांची मर्यादा आहे, कर वेगळा. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून नव्या भाडेकरूकडून एजंटला घर मिळवून दिल्याची फी घेता येत नाही. न्यूयॉर्क शहरात जून २०२५ पासून मालकाच्या वतीने काम करणाऱ्या एजंटला भाडेकरूकडे हात पसरता येत नाही. जिथे असा कायदा नाही, तिथे बाजार ठरवतो: घरे कमी आणि शोधणारे जास्त असले की दलाली भाडेकरूवर येते, घरे रिकामी पडू लागली की मालक ती स्वतःहून उचलतो. निम्मी-निम्मी वाटणीही होते, पण ‘निम्मी’ म्हणजे एकूण एका महिन्याची निम्मी, की दोघांकडून प्रत्येकी पूर्ण महिना, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये. कर वेगळा का, हेही त्याच वेळी विचारावे.

एक गोष्ट नजरेआड होते. पैसे भाडेकरूने दिले म्हणून एजंट भाडेकरूचा होत नाही. पुढची दहा घरे त्याला मालकाकडूनच मिळायची असतात. दोन्हीकडून दलाली घेणारा भाडे कमी करून देण्यासाठी कितपत जोर लावेल, याचा अंदाज बांधूनच वाटाघाट करावी.

आता कागद. इथे नेहमीची चूक अशी की दलालीचे सगळे भाडेकरारात लिहिले जाते आणि एजंटला ते लागू झाले असे धरले जाते. भाडेकरार मालक आणि भाडेकरू या दोघांचा. एजंटची त्यावर सही असलीच तर बहुधा साक्षीदार म्हणून. ‘नूतनीकरणाला दलाली नाही’ हे कलम मालकाला बांधते, एजंटला नाही. म्हणून एजंटशी वेगळे लेखी हवे, आणि तेही घर पाहण्याआधी. संदेश पाठवून त्याचा होकार घेतला तरी पुरावा राहतो. त्यात घराचा पत्ता, एकूण रक्कम करासह आणि ती कधी द्यायची, एवढे पुरते. पत्ता महत्त्वाचा, कारण एकच घर दोन एजंट दाखवतात आणि नंतर दोघेही दलाली मागतात. मजकूर असा ठेवता येईल:

‘वरील पत्त्याच्या घरासाठी एकूण दलाली २०,०००, सर्व करांसह. दोन्ही पक्षांच्या सह्या होऊन किल्ली ताब्यात मिळाल्यावर देय. मालकाने त्याआधी नकार दिल्यास दलाली नाही आणि टोकन पूर्ण परत. नूतनीकरणावर दलाली नाही.’

टोकन शक्यतो मालकाच्या खात्यात भरावे आणि ते अनामतीत वळते होईल हे पावतीवर लिहून घ्यावे. एजंटच्या हातात दिलेले टोकन व्यवहार फिसकटला की ‘दलालीत जमा’ होते, हा नेहमीचा अनुभव आहे.

भाडेकरारात मग दलालीची दोनच कलमे लागतात. पहिले: कोणी किती दिली आणि ती अनामतीतून कापली जाणार नाही. दुसरे, मुदतीआधी करार मोडला तर काय. दलाली भाडेकरूने भरली असेल आणि मालकानेच लवकर घर रिकामे करायला सांगितले, तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात दलाली मालकाने परत द्यावी. उलट बाजूने, मालकाने २१,००० दलाली भरली आणि भाडेकरू बारापैकी पाच महिन्यांनी निघाला, तर मालक ती पूर्ण मागतो. पाच महिन्यांचा उपयोग त्याला मिळालेला असतो, म्हणून रास्त मागणी उरलेल्या सात महिन्यांची, म्हणजे १२,२५०. हे सूत्र आकड्यासह लिहावे: ‘भरलेली दलाली गुणिले उरलेले महिने भागिले १२’.

आणि हे कलम लॉक-इनच्या, म्हणजे ठरावीक महिने घर न सोडण्याच्या, कलमाशेजारी ठेवून वाचावे. लॉक-इन मोडल्याबद्दल उरलेल्या महिन्यांचे भाडे घ्यायचे आणि वर दलालीही, असे दोन्ही लिहिले असेल तर मालकाचे नुकसान दोनदा भरून निघते. दोन्हींपैकी एकच लागू होईल, असे वाक्य सहीआधी घालून घ्यावे.