एकटा आवाज भरायचा: कॉपी सरकवायची, मशीनकडून जुळवायचं, की परत गाऊन घ्यायचं?

मुख्य टेक चांगला झालाय, ढोलकी बसलीय, तरी मुखडा आला की आवाज एकटा पडतो. ही अडचण घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतेच. त्यावर उपाय तीन. आहे त्याच टेकची कॉपी करून थोडी सरकवायची, किंवा गायकाकडून दुसरा-तिसरा टेक गाऊन घेऊन तो सॉफ्टवेअरकडून मुख्य आवाजाला चिकटवायचा, किंवा टेक गाऊन घ्यायचे पण जुळवायचे आपल्या हातानं. मी तिन्ही करून बसलोय, एकाच गाण्यावर. त्यामुळे माझं मत त्या गाण्यापुरतं तरी पक्कं आहे. बाकी तुम्ही तुमच्या गाण्याला लावून बघा.

गाणं अहिराणी होतं, कानबाई देवीचं. भाची चाळीसगावहून एका दिवसासाठी जळगावला आली होती. मे महिना, त्यात आवाज नको म्हणून कूलर बंद, म्हणजे खोलीचा नुसता तवा. मुख्य टेक तिसऱ्या फेरीत मिळाला. मुखड्याची ओळ संपत होती ‘कानबाई उनी शे’ वर. हा ‘शे’ लक्षात ठेवा, सगळी भानगड त्यानंच केली.

पहिल्यांदा सोपा मार्ग धरला. मुख्य टेकच्या दोन कॉप्या केल्या, एक डावीकडे २० मिलिसेकंद मागे, दुसरी उजवीकडे ३० मागे. हेडफोनमध्ये क्षणभर झकास वाटलं. मग फोनच्या स्पीकरवर लावलं आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. कारण साधं आहे. कॉपी म्हणजे तोच आवाज, कणाकणानं तोच. डावं-उजवं एकत्र झालं की ठरावीक अंतरानं सरकलेला तोच आवाज स्वतःलाच खोडतो. २० मिलिसेकंदांच्या फरकाला दर ५० हर्ट्झवर एकेक खाच पडते. आपल्याकडे गाणं शेवटी कुठं वाजणार? मांडवातल्या भोंग्यावर, रिक्षात, फोनवर. बहुतेक ठिकाणी डावं-उजवं एकच, म्हणजे मोनो. आणि कॉपी न सरकवता तशीच ठेवली, तर आवाज भरत नाही, फक्त मोठा होतो.

इथं कुणी म्हणेल, मग बीटल्सनी कसं केलं? १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी जॉन लेननसाठी हीच युक्ती काढली होती, कारण लेननला तेच तेच परत गायचा कंटाळा होता. पण त्यांची दुसरी कॉपी टेप मशीनवर चालायची आणि त्या मशीनचा वेग ते हातानं किंचित कमी-जास्त करत. म्हणजे अंतर सतत हलत होतं आणि सूरही त्यासोबत बारीक डोलत होता. आपण जी कॉपी २० वर ठोकून ठेवतो, ती हलत नाही. डबलिंगच्या प्लगइनमध्ये हे डोलणं घालता येतं, आणि त्यानं पत्र्याचा आवाज बराच कमी होतो हे मान्य. तरी मला त्यात दोन माणसं ऐकू आली नाहीत. एकच माणूस पाण्याखालून गातोय असं वाटलं.

कॉपीतून हार्मनी काढणं तर आणखी फसवं. आमची चाल पाच सुरांची, सा रे ग प ध. प्लगइनला ‘मेजर स्केल, वरचा तिसरा’ सांगितलं तर सा वर ग बरोबर येतो, ग वर प आणि ध वर सां हेही ठीक. घोळ करतात रे आणि प: रे वर म येतो, प वर नि. जे सूर चालीत नाहीतच ते मागून डोकावतात आणि गाणं क्षणभर दुसऱ्याच गावचं होतं. यावर उपाय म्हणजे चालीतलाच एक सूर सोडून पुढचा घ्यायचा: सा ला ग, रे ला प, ग ला ध, प ला सां. हे गाणाऱ्याला दोन मिनिटांत सांगता येतं. मशीनला ते वेगळं बसवून द्यावं लागतं.

तेव्हा संध्याकाळच्या गाडीआधी भाचीकडून मुखडा आणखी दोनदा गाऊन घेतला, आणि एक ओळ हार्मनीची. ‘मामा, अजून कितींदा?’ हे चार वेळा ऐकलं. घेताना एक पथ्य पाळलं. तिच्या एका कानात मुख्य टेक आणि हळू ढोलकी, दुसरा कान उघडा. दुसरा टेक, म्हणजे डबल, मुख्य आवाजाला धरून गायचा असतो, मेट्रोनोमला धरून नाही. आपली लोकगीतं ठेक्याच्या किंचित मागे रेलून गायली जातात. मुख्य आवाज मागे रेललेला आणि डबल मात्र ग्रीडवर ताठ, असं झालं की दोघांचं जन्मात जमत नाही.

(आणखी एक. सगळ्या ओळी सारख्याच उशिरा आल्या असतील तर गाणाऱ्याला बोल लावू नका. ती कॉम्प्युटरची लेटन्सी आहे, अख्खा ट्रॅक एकदाच डावीकडे ओढा, म्हणजे तेवढा लवकर येईल. माणूस चुकतो तेव्हा कधी आधी येतो, कधी नंतर.)

आता जुळवणी. व्होकअलाइनसारखं सॉफ्टवेअर दहा मिनिटांत काम करतं. मुख्य टेक ‘गाइड’ म्हणून द्यायचा, डबल त्याच्यावर ताणून-आवळून बसतो. मित्राच्या मशीनवर तेही केलं. वेळेच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती. पण मुखडा ऐकला आणि ‘शे’ आला की कुकरची शिट्टी! तीन टेकमधले तीन ‘श’ मशीननं अगदी एकमेकांवर बसवले होते. न जुळवलेल्या टेकमध्ये तोच शब्द ‘श-श-शे’ असा सांडत होता, जुळवल्यावर एकच पण तिप्पट ‘श’ झाला. मुखडा गाण्यात सहा वेळा येतो. सहा वेळा शिट्टी. ‘स’-‘श’ ची शिट्टी दाबणारा डी-एसर लावून बघितला, तर मुख्य आवाज बोबडा व्हायला लागला.

तेव्हा डोक्यात आलं की ‘श’ जुळवायचाच नाही, काढून टाकायचा. ऐकणाऱ्याला ‘श’ एकाच तोंडातून पुरतो. भरीवपणा येतो तो पुढच्या ‘ए’ मधून, स्वरातून. हे मशीनला कळत नाही, कारण त्याचं काम सगळं जुळवणं. (सॉफ्टवेअरनं जुळवून मग हातानं ‘श’ काढता येईलच की, असं तुम्ही म्हणाल. येईल. पण ‘उनी’ च्या ‘नी’ वर भाचीनं घेतलेली छोटी मुरकी ताणली जाऊन थरथरत होती, तीही मला नको होती. जुळवणी ढिली करायची सोय असते, पण ढिली केली की बाकीचे शब्द सुटतात.)

मग हातानं बसलो, रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. एक ओळ कशी केली ते सांगतो. दुसऱ्या टेकमध्ये ‘कानबाई’ चा ‘का’ थोडा उशिरा होता, ‘उनी’ मात्र लवकर. दोन शब्दांच्या मधल्या फटीत `S` दाबून तुकडे केले, `Alt` धरून तुकड्यातला आवाज आतल्या आत सरकवला. लाटेचं चित्र बघून नाही, कानानं: मुख्य आणि डबल दोन्ही मध्यावर ठेवून, सारख्याच आवाजात. ‘क’ चे दोन टोले वेगळे ऐकू आले की अजून सरकवायचं. एक ठोका झाला की तिथंच थांबायचं. माझ्या कानाला २०-२५ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक एकच ठोका वाटतो आणि तेवढा फरक मी मुद्दाम ठेवतो, फक्त एका अटीवर: डबल मुख्य आवाजाच्या मागे चालेल, पुढे कधीच नाही. पुढे आला की ऐकणाऱ्याचं लक्ष पहिल्यांदा त्याच्याकडे जातं. मुरकीला हात लावला नाही. सुरुवात जुळली की मधलं वेगळेपण गोडच लागतं, तेच तर हवं असतं.

शेवटी ‘शे’. दोन्ही डबलमध्ये ‘श’ कापला आणि ‘ए’ ला एक छोटा फेड-इन दिला, म्हणजे मुख्य ‘श’ संपतो तिथंच मागचे दोन ‘ए’ उघडतात. डबलमधले श्वासही काढले, नाहीतर प्रत्येक ओळीआधी तिघी धापा टाकतात. पुढच्या वेळी मी भाचीलाच सांगणार आहे की डबल गाताना ‘श’, ‘स’, ‘च’ नुसते तोंडात धर, बाहेर टाकू नकोस. निम्मं काम तिथंच वाचेल.

वेळ मात्र लागतो, ते लपवत नाही. मुखड्याच्या सहा फेऱ्यांना मला अडीच तास लागले. तुमच्याकडे आठ जणांचा कोरस असेल, किंवा शब्द तालावर ठोकून म्हणायचे असतील, तर हातानं करत बसू नका, सॉफ्टवेअर घ्या. तिथं ताठ जुळवणीच शोभते. गायक परत येणारच नसेल, जुनं एकच रेकॉर्डिंग असेल, तर कॉपीला पर्याय नाही. तिथं डोलणारं डबलिंग लावा आणि इतकं हळू ठेवा की मोनोमध्येही पत्रा वाजू नये. पण गाणारा समोर बसलाय, गाणं एकट्याचं आहे आणि आपल्या चालीचं आहे, तर त्याला पाणी पाजून आणखी दोनदा गायला लावणंच मला बरं वाटतं.

मिक्समध्ये दोन्ही डबल मुख्य आवाजाखाली साधारण दहा डेसिबल ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे, खालचा घुमारा कापून. हार्मनी त्याहून खाली, आणि तीही फक्त शेवटच्या फेरीत. अंतऱ्यात काहीच नाही, तिथं आवाज एकटाच शोभतो.

भाचीला फाइल पाठवली. तिनं फोनवर ऐकून कॉल केला: ‘मामा, ते दुसरे दोन टेक घेतलेच नाहीस का? उगाच गायला लावलं मला.’ मी दोन्ही डबल बंद करून दुसरी फाइल पाठवली. पाच मिनिटांनी उत्तर आलं, ‘पहिलीच राहू दे.’